जामीनदार सुटतो, पण किती?

प्रश्न : मी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या पूर्वपरीक्षेची तयारी करते आहे. इंडेम्निटी आणि गॅरंटी यांतल्या फरकाचा तक्ता मला पाठ आहे, तरी प्रसंग दिला की माझा गोंधळ उडतो. जामीनदार केव्हा मुक्त होतो यावरच्या प्रश्नांत तर दोन पर्याय हमखास बरोबर वाटतात, आणि मी नेमका चुकीचा निवडते. असा प्रश्न सोडवताना नक्की काय पाहायचं?
— एक परीक्षार्थी

उत्तर : तक्त्यात ‘इंडेम्निटीत दोन पक्ष, गॅरंटीत तीन’ असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण प्रश्न काढणारा इंडेम्निटीच्या प्रसंगातही मुद्दाम तिसरा माणूस आणून उभा करतो. तसं करायला कायद्यातच जागा आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 124 मध्ये वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्यामुळे किंवा ‘दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीच्या’ वागण्यामुळे होणारं नुकसान भरून देण्याचं वचन येतं. त्यामुळे प्रसंगात माणसं किती आहेत हे मोजून उपयोग नाही. त्या तिसऱ्या माणसाचं धनकोकडे स्वतःचं देणं आहे का, आणि वचन देणारा त्याच्या मागे उभा आहे की त्याच्या जागी, हे पाहा.

दुकानदाराला कोणी म्हणालं, “त्याला माल द्या, त्यानं पैसे दिले नाहीत तर मी देईन,” तर ती गॅरंटी, कलम 126. मूळ देणं माल घेणाऱ्याचं आहे आणि हा त्याने चूक केल्यावरच पुढे येणार. “त्याला माल द्या, पैशाचं माझ्याकडे लागलं,” असं म्हणालं तर बोलणाऱ्याने देणं पहिल्यापासून स्वतःच्या अंगावर घेतलं. ही गॅरंटी नव्हे. आता शेअर प्रमाणपत्र हरवलेला भागधारक कंपनीकडे दुसरी प्रत मागतो आणि लिहून देतो की, मूळ प्रमाणपत्र घेऊन उद्या कोणी आलं आणि त्यापायी कंपनीचं नुकसान झालं तर ते मी भरून देईन. इथे तो ‘उद्या येणारा कोणी’ कंपनीचा कर्जदार नाही. पुढे काय होईल याची जोखीम भागधारक स्वतःवर घेतो आहे, म्हणून हा इंडेम्निटीचा करार.

या भागात तीन छोटे सापळे वारंवार लावलेले दिसतात. कलम 124 माणसाच्या वागण्यापुरतं आहे. आगीने किंवा पुराने झालेलं नुकसान भरून देण्याचं वचन वैध असू शकतं, पण ते या कलमाच्या व्याख्येत बसत नाही. दुसरं, भारतात गॅरंटी तोंडीही चालते, त्यामुळे ‘लेखी नसल्याने अवैध’ हा पर्याय खोडायचा. आणि तिसरं, गॅरंटीच्या पोटात एक इंडेम्निटी दडलेली असते: कलम 145 प्रमाणे कर्जदाराने जामीनदाराला भरपाई देण्याचं वचन गृहीतच धरलेलं आहे. म्हणून ‘गॅरंटीच्या व्यवहारात इंडेम्निटी कधीच नसते’ हे विधान चूक.

हा फरक आधी पक्का करायला सांगतो आहे, कारण कलम 133 ते 139 आणि 141 मधली सुटका फक्त जामीनदाराला मिळते. प्रसंग इंडेम्निटीचा देऊन पर्यायांत ‘कलम 135 प्रमाणे मुक्त’ असं लिहिलेलं असेल, तर कलमाचा मजकूर अचूक असूनही उत्तर चुकतं.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. दोन पर्याय बरोबर वाटतात, कारण दोन्हींत जामीनदार सुटतो. एकात तो पूर्ण सुटतो आणि दुसऱ्यात काही भागापुरता. बहुतेक तयारी ‘सुटला की नाही’ इथेच थांबते, आणि प्रश्न तर ‘किती सुटला’ यावर असतो. सुटकेची मापं चार आहेत: पूर्ण, बदलानंतरच्या व्यवहारांपुरती, तारणाच्या किमतीइतकी, आणि मुळीच नाही. प्रसंग वाचून झाला की पर्यायांकडे बघण्याआधी यातलं एक माप ठरवा. पर्याय आधी वाचले तर त्यांची भाषा तुमच्या विचारावर स्वार होते.

एकच प्रसंग घेऊन तो वळवत जाऊ. बँकेने कर्जदाराला 10 लाख रुपये दिले. जामीनदाराने हमी दिली, आणि त्याच दिवशी कर्जदाराने 4 लाखांचं यंत्र बँकेकडे तारण ठेवलं. परतफेडीची मुदत 31 मार्चला संपली तेव्हा 6 लाख रुपये येणं बाकी होतं.

बँक वर्षभर गप्प बसली, दावा लावला नाही. जामीनदार सुटला का? नाही. कलम 137 म्हणतं की दावा न लावणं किंवा दुसरा उपाय न वापरणं एवढ्याने, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, जामीनदार मुक्त होत नाही. याच प्रसंगाची कठीण आवृत्ती अशी: बँक इतकी गप्प बसली की कर्जदारावरचा दावा मुदतबाह्य झाला. इथे ‘धनकोच्या चुकीमुळे कर्जदार मुक्त झाला, म्हणून कलम 134 प्रमाणे जामीनदारही मुक्त’ हा पर्याय फार मोहात पाडतो. प्रिव्ही कौन्सिलने महंत सिंग विरुद्ध उ बा यी (1939) या खटल्यात हे अमान्य केलं. मुदत गेल्याने दावा लावता येत नाही, देणं मात्र विझत नाही; कर्जदार त्यातून ‘मुक्त’ झालेला नसतो. मात्र जामीनदारावरचा दावा त्याच्या स्वतःच्या मुदतीत असायला हवा, ही गोष्ट वेगळी ठेवा.

आता बँक आणि कर्जदार यांनी जामीनदाराला न विचारता करार केला: कर्जदाराने आणखी एक टक्का व्याज द्यायचं आणि बँकेने सहा महिने थांबायचं. आता जामीनदार पूर्ण सुटला, कलम 135. वर्षभर गप्प बसून सुटका नाही आणि सहा महिन्यांच्या करारात पूर्ण सुटका, हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. कारण समजलं की ते विसरायला होत नाही. बँक नुसती गप्प असते तेव्हा जामीनदार उद्या सकाळी जाऊन 6 लाख भरू शकतो, बँकेच्या जागी उभा राहून लगेच कर्जदाराच्या मागे लागू शकतो. बँकेने मुदतीचं वचन देऊन स्वतःचे हात बांधून घेतले की तिच्या जागी उभा राहणाऱ्या जामीनदाराचेही हात बांधले जातात, आणि त्या सहा महिन्यांत कर्जदाराची मालमत्ता निसटू शकते. ही जोखीम त्याने पत्करलेली नव्हती.

म्हणून अशा प्रश्नात शोधायचा शब्द म्हणजे करार. बँकेचा अधिकारी फोनवर नुसतं “बरं, पुढच्या महिन्यात भरा” म्हणाला आणि त्याबदल्यात बँकेला काहीच मिळालं नाही, तर ते बंधनकारक वचन नाही. प्रसंग कलम 137 कडे परत जातो. आणि मुदत देण्याचा करार बँकेने कर्जदाराशी न करता त्याच्या भावाशी केला असेल, तर कलम 136 लागतं आणि जामीनदार सुटत नाही. मुदत मिळाली कर्जदाराला, फायदाही त्याचाच, पण करार तिसऱ्याशी. प्रश्नातल्या एका छोट्या वाक्यांशात हे लपवलेलं असतं, त्यामुळे ‘कोणाशी’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारण्याची सवय लावून घ्या.

पुढचं वळण तारणाचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. बँकेने जामीनदाराला न सांगता ते यंत्र कर्जदाराला परत दिलं. कलम 141 प्रमाणे जामीनदार तारणाच्या किमतीइतका सुटतो. बाकी 6 लाख, यंत्र 4 लाखांचं, म्हणून त्याच्याकडे 2 लाख उरतात. पर्यायांत ‘पूर्ण मुक्त’, ‘2 लाखांपुरता जबाबदार’, ‘4 लाखांपुरता जबाबदार’ आणि ‘6 लाखांना जबाबदार’ असे चारही आकडे असतील. घाईत 4 लाखांवर खूण होते, कारण तो आकडा प्रसंगात दिसलेला असतो. पण तो सुटकेचा आकडा आहे आणि प्रश्न जबाबदारीचा आहे. यंत्र 7 लाखांचं असतं तर जामीनदाराकडे काहीच उरलं नसतं.

इथे दोन तपशील बदलून बघा. जामीनदाराला या यंत्राची कल्पनाच नव्हती असं प्रसंगात लिहिलं, तरी उत्तर बदलत नाही. तारणाची माहिती असो वा नसो, कलम 141 लागतं. पण यंत्र हमीनंतर दोन महिन्यांनी तारण ठेवलं असं लिहिलं, तर उत्तर पूर्ण उलटतं. हे कलम हमीचा करार होताना धनकोकडे असलेल्या तारणापुरतं आहे. नंतर मिळालेलं तारण बँकेने सोडलं तरी जामीनदार 6 लाखांना जबाबदार राहतो. कलमाखालचं तिसरं उदाहरण नेमकं हेच सांगतं. म्हणून तारण दिसलं की आधी तारीख बघा, मग किंमत. बँकेने तारण स्वतःहून सोडलं नाही, पण निष्काळजीपणाने हातचं घालवलं, तरी याच कलमाने तेवढी सुटका मिळते. अमृतलाल गोवर्धन लालन विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर (1968) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तारण मालातल्या तुटीइतका जामीनदार मुक्त धरला.

तारणाच्या गोष्टीत कलम 139 ही डोकावतं आणि तिथे माप बदलतं. धनकोने जामीनदाराच्या हक्काविरुद्ध काही केलं किंवा त्याच्याप्रति असलेलं कर्तव्य टाळलं, आणि त्यामुळे कर्जदाराविरुद्धचा जामीनदाराचा अखेरचा उपाय दुबळा झाला, तर तो मुक्त होतो. तिथे ‘किमतीइतका’ अशी मर्यादा लिहिलेली नाही. कायद्यातलं उदाहरण जहाज बांधण्याचं आहे. काम ठरावीक टप्प्यांवर आलं की हप्ते द्यायचे असं ठरलेलं असताना धनको शेवटचे दोन हप्ते आधीच देऊन टाकतो आणि जामीनदार सुटतो. काम पूर्ण करायला कर्जदाराला भाग पाडणारी पकडच त्याने सैल केली. दुसऱ्या उदाहरणात तारणाचं फर्निचर धनकोच्या गैरवर्तनामुळे आणि हेतुपुरस्सर निष्काळजीपणामुळे मातीमोल भावात विकलं जातं, आणि तिथेही जामीनदार वचनचिठ्ठीच्या जबाबदारीतून मुक्त होतो. प्रश्नात हेच शब्द उचललेले दिसले तर उत्तर त्या उदाहरणाप्रमाणे द्या. पूर्वपरीक्षेचे बरेच प्रश्न कलमांखालच्या उदाहरणांतूनच थेट उचललेले असतात.

उदाहरणं वाचताना एक सांभाळा. कायद्यात पक्षांना ए, बी, सी म्हटलं आहे आणि बहुतेक ठिकाणी ए जामीनदार, बी कर्जदार, सी धनको असतो. पण कलम 134 खालच्या नीळ पिकवण्याच्या आणि घर बांधण्याच्या उदाहरणांत ए हा काम करून देणारा, बी हा करून घेणारा आणि सी हा जामीनदार आहे. ‘ए मुक्त होतो’ असं पाठ करून गेलात तर तिथे फसगत होते. प्रसंग हातात आला की प्रत्येक अक्षरावर ‘क’, ‘ध’, ‘जा’ अशी खूण करा, मगच पुढे जा.

आता अटींत बदल, कलम 133. यासाठी प्रसंग थोडा बदलू: एकरकमी कर्जाऐवजी चालू खातं, 10 लाखांची मर्यादा आणि त्यावर जामीनदाराची चालू हमी. 1 सप्टेंबरला 6 लाख उचललेले आहेत. त्या दिवशी बँक आणि कर्जदार यांनी जामीनदाराच्या संमतीशिवाय व्याजाचा दर वाढवला. पुढे कर्जदाराने आणखी 3 लाख उचलले. जामीनदार नंतरच्या 3 लाखांतून सुटतो. आधीचे 6 लाख त्याच्याकडे राहतात, कारण कलमाचे शब्दच ‘बदलानंतरच्या व्यवहारांबाबत’ असे आहेत. ‘बदल झाला म्हणून पूर्ण मुक्त’ हा इथला ठरलेला चुकीचा पर्याय.

मग याच कलमाखालच्या एका उदाहरणात जामीनदार पूर्ण कसा सुटतो, असं तुम्ही विचाराल. 5,000 रुपये 1 मार्चला द्यायचे ठरले होते, धनकोने ते 1 जानेवारीलाच दिले आणि जामीनदार मुक्त झाला. तिथे व्यवहार एकच होता आणि तोच बदललेल्या अटीवर झाला. बदलाआधीचा व्यवहारच नसल्याने मागे उरायला काही नाही. म्हणून कलम 133 च्या प्रश्नात एक हिशेब आधी करा: बदलाच्या तारखेपूर्वी किती देणं उभं राहिलं होतं? उत्तर शून्य असेल तर सुटका पूर्ण, नसेल तर तेवढं देणं जामीनदाराच्या माथ्यावर.

बदल अगदी किरकोळ आणि जामीनदाराच्या फायद्याचा असेल तर? कलमात ‘कोणताही बदल’ असं आहे, आणि नुसत्या कलमावर बेतलेल्या प्रश्नात तेच धरायचं. पण एम. एस. अनिरुद्धन विरुद्ध थॉमकोज बँक (1963) या निकालाचा उल्लेख असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने 25,000 चे 20,000 केलेल्या हमीपत्रावर जामीनदाराला जबाबदार धरलं होतं, हे आठवा. प्रश्न कलमाबद्दल विचारतो आहे की निकालाबद्दल, यावर उत्तर ठरतं.

कलम 134 आणि दिवाळखोरी यांची गल्लत आजकाल जास्त विचारली जाते. धनकोने स्वतः करार करून कर्जदाराला सोडलं, किंवा त्याच्या कृतीचा कायदेशीर परिणाम म्हणून कर्जदार सुटला, तर जामीनदार पूर्ण सुटतो. पण कर्जदार कायद्याच्या प्रक्रियेतून, म्हणजे दिवाळखोरीत किंवा कंपनीच्या परिसमापनात मुक्त झाला, तर त्यात धनकोची स्वेच्छेची कृती नसते आणि जामीनदार अडकलेला राहतो. ललित कुमार जैन विरुद्ध भारत सरकार (2021) या निकालात हेच स्पष्ट झालं: कंपनीची समाधान योजना मंजूर झाली म्हणून वैयक्तिक जामीनदार आपोआप मुक्त होत नाही. कलम 134 च्या पहिल्या उदाहरणातही कर्जदार अडचणीत आलेला आहे, पण तिथे धनकोंनी त्याची मालमत्ता घेऊन त्याला सोडण्याचा करार केला आहे. फरक तेवढाच, आणि प्रश्नही तेवढ्यावरच.

सहजामीनदाराचं कलम 138 सोपं आहे, पण त्याचा उत्तरार्ध विसरला जातो. 6 लाखांच्या कर्जाला तिघे जामीनदार आहेत आणि बँकेने एकाला सोडलं. उरलेले दोघे मुक्त होत नाहीत, आणि सोडलेला गृहस्थही त्या दोघांपुरता सुटत नाही. बँकेने पूर्ण 6 लाख दुसऱ्याकडून वसूल केले, तर तो सोडलेल्याकडूनही 2 लाखांचा वाटा मागू शकतो. जामीनदाराच्या मृत्यूचंही असंच माप आहे: कलम 131 प्रमाणे, उलट करार नसेल तर, चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती संपते. आधीच्या देण्यासाठी त्याची मागे राहिलेली मालमत्ता जबाबदार राहते.

शेवटी प्रसंगातला एक तुकडा, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ‘बँकेने कर्जदाराला मुदत दिल्यास किंवा अटी बदलल्यास जामीनदाराची हरकत राहणार नाही’ असं कलम हमीपत्रात होतं, असं कधी कधी मधेच लिहिलेलं असतं. बँकांच्या छापील हमीपत्रांत असं कलम सर्रास आढळतं. कलम 133 आणि 135 मधली सुटका जामीनदाराची संमती नसण्यावर उभी आहे. संमती त्याने आगाऊच सही करून दिली असेल तर बदल होऊनही तो जबाबदार राहतो. त्यामुळे 133 किंवा 135 वर खूण करण्याआधी प्रसंगातली हमीपत्राची ओळ पुन्हा वाचा, आणि ‘संमतीशिवाय’ किंवा ‘न कळवता’ हे शब्द तिथे खरोखर लिहिलेले आहेत का, ते पाहा. ते शब्द नुसते गृहीत धरून उत्तर देऊ नका.